चॅटच्या स्क्रीनशॉटमधील ‘डिलीटेड’ आणि ‘एडिटेड’ या खुणांवरून काय ठरते आणि काय ठरत नाही

प्रश्न: “माझा शाहू मार्केट यार्डात गुळाचा व्यापार आहे. परगावच्या खरेदीदाराने व्हॉट्सअ‍ॅपवर भाव कळवला, मी माल पाठवला, आणि आता तो कमी भावाने पैसे देतो म्हणतो. माझ्या स्क्रीनशॉटमध्ये त्याच्या भावाच्या मेसेजखाली Edited दिसते आणि पुढे त्याचेच दोन मेसेज This message was deleted असे दिसतात. त्याने भाव बदलला आणि पुरावा पुसला, हे एवढ्यावरून सिद्ध होईल ना?”

उत्तर:

एवढ्यावरून सिद्ध होणार नाही. मात्र स्क्रीनशॉट निरुपयोगीही नाही, कारण त्यातील वेळा नीट वाचल्या तर त्या आपल्याला वाटते त्यापेक्षा बरेच काही सांगतात, आणि त्यातील काही भाग आपल्या बाजूचा नाही. डिजिटल पुराव्यांच्या तपासणीचे काम कोल्हापुरात अनेक वर्षे करताना मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. पक्षकार या खुणांकडे समोरच्याच्या हेतूचा दाखला म्हणून पाहतो, तर खूण फक्त घडलेल्या क्रियेची नोंद करते. क्रिया कोणी केली हे ती सांगते आणि कधी केली याची मर्यादा अप्रत्यक्षपणे ठरवून देते. काय पुसले आणि का पुसले याबद्दल तिच्यात काहीही नसते.

आपण पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधील सोमवारचा संवाद मी वेळांसह मांडतो. १०:५८ ला आपण लिहिले आहे, “२०० रवे तयार आहेत, ३० किलोचे. भाव काय धरू?” ११:०५ ला डाव्या बाजूला खरेदीदाराचा संदेश आहे, “क्विंटलला ४१५० धरा, आजच भरा”, आणि त्याच्या वेळेशेजारी Edited. ११:०९ ला आपले उत्तर, “बरं, चालेल.” ११:४८ ला पुन्हा आपला संदेश, “बिल करून ठेवतो, गाडी दुपारी निघेल.” त्यानंतर ११:५३ आणि ११:५४ या वेळांवर डाव्या बाजूला This message was deleted असे दोन फुगे, म्हणजे संदेशाच्या चौकटी, आणि ३:४० ला आपले “गाडी निघाली.” आपले म्हणणे असे की ११:०५ च्या संदेशात मुळात ४३५० हा आकडा होता. २०० रवे गुणिले ३० किलो म्हणजे ६० क्विंटल माल, आणि क्विंटलमागे २०० रुपयांचा फरक, म्हणजे वाद एकूण १२,००० रुपयांचा आहे.

आधी Edited पाहू, कारण आपल्या वादाचे मूळ तिथे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश बदलण्याची सोय २०२३ च्या मे महिन्यात आली. संदेश पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत तो बदलता येतो, आणि तो ज्याने पाठवला त्यालाच बदलता येतो. फुगा डाव्या बाजूला असल्यामुळे हा बदल खरेदीदाराच्या खात्यातूनच झाला, आपल्या फोनवरून नव्हे, एवढे चित्र अस्सल असल्यास निश्चितपणे म्हणता येते. पण बदल ४३५० चा ४१५० असा झाला, की ‘धारा’ चे ‘धरा’ असा झाला, की शेवटी “आजच भरा” हे दोन शब्द जोडले गेले, हे त्या खुणेतून कळण्याचा काहीही मार्ग नाही. एक काना बदलला तरी तीच खूण उमटते आणि संपूर्ण वाक्य बदलले तरी तीच. बदल एकदा झाला की तीनदा, हेही ती सांगत नाही. आधीचा मजकूर उघडून पाहण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपने दिलेली नाही. आयफोनच्या आयमेसेजमध्ये Edited वर बोट ठेवले की आधीचे पाठ दिसतात, त्यामुळे अनेकांना वाटते की इथेही ते कुठेतरी दडलेले असतील. तसे नाही, प्रत्येक अ‍ॅपची रीत वेगळी आहे आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही.

आता वेळांकडे वळू. फुग्यावर दिसणारी ११:०५ ही संदेश पाठवल्याची मूळ वेळ आहे. बदल केल्याची वेळ पडद्यावर कुठेही दिसत नाही. १५ मिनिटांच्या मर्यादेमुळे बदल ११:०५ आणि ११:२० यांच्या दरम्यान झाला असे म्हणता येते. आपले “बरं, चालेल” ११:०९ चे आहे, म्हणजे ते नेमके या पंधरा मिनिटांच्या आत पडते. त्यामुळे दोन शक्यता उरतात. एक, खरेदीदाराने ११:०९ च्या आधीच आकडा बदलला आणि आपण ४१५० वाचून होकार दिला. दोन, आपण ४३५० वाचून होकार दिला आणि त्यानंतर त्याने आकडा बदलला. स्क्रीनशॉट या दोहोंत निवड करू शकत नाही. आपण आपल्या आठवणीबद्दल ठाम आहात आणि ती चुकीची आहे असे मी म्हणत नाही, पण ती आपली साक्ष झाली. खुणेने दिलेला पुरावा ती नव्हे.

दुसरी बाब आपल्याला आवडणार नाही, पण समोरचा वकील ती मांडणारच, म्हणून आधीच सांगतो. ११:४८ ला आपण “बिल करून ठेवतो” असे लिहिले. तोपर्यंत बदलाची मुदत संपून जवळपास अर्धा तास झाला होता. म्हणजे त्या क्षणी आपल्या फोनवर शेवटचाच मजकूर, अर्थात ४१५०, दिसत असणार, आणि तो पाहून आपण बिलाची तयारी दाखवली असा युक्तिवाद होईल. याला दोन उत्तरे संभवतात. पहिले असे की संदेश बदलल्यावर समोरच्याच्या फोनवर नवी सूचना वाजत नाही. वर सरकून गेलेल्या फुग्यातला आकडा बदलला तर माणसाच्या लक्षात न येणे अगदी स्वाभाविक आहे, विशेषतः सौद्याच्या गर्दीत. दुसरे उत्तर असे की आपला फोन त्या वेळी इंटरनेटवर नसेल, तर झालेला बदल आपल्यापर्यंत उशिरा पोचला असेल. हे दुसरे उत्तर देण्यापूर्वी ते तपासून घ्या. आपल्या ११:४८ च्या संदेशावर बोट दाबून धरा आणि Message info उघडा. तिथे तो संदेश समोरच्या फोनवर कधी पोचला ती Delivered ची वेळ दिसते. ती ११:४८ किंवा त्याच्या लगेच नंतरची असेल, तर आपला फोन तेव्हा इंटरनेटला जोडलेला होता हे उघड आहे, आणि मग “मला बदल मिळालाच नव्हता” असे म्हणू नये. खोटे ठरणारे एक विधान बाकीच्या खऱ्या विधानांनाही घेऊन बुडते.

निळ्या टिकांबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण खरेदीदार स्वतःच्या फोनचा स्क्रीनशॉट दाखवून “बघा, यांनी वाचले होते” असे म्हणेल. निळी टीक एवढेच सांगते की तो संदेश उघडला गेला. बदलाआधीचा मजकूर वाचला की बदलानंतरचा, हे टिकेतून कळत नाही.

आता पुसलेल्या दोन संदेशांकडे येऊ. पाठवणाऱ्याने Delete for everyone निवडले की समोरच्याच्या फोनवर This message was deleted उमटते आणि पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर त्याच जागी You deleted this message दिसते. ग्रुपमध्ये अ‍ॅडमिनलाही इतरांचा संदेश काढता येतो आणि तेव्हा खुणेत अ‍ॅडमिनचा उल्लेख येतो, पण आपली चॅट दोघांचीच असल्यामुळे तो प्रश्न इथे उद्भवत नाही. डावीकडचे दोन फुगे म्हणजे खरेदीदाराने पाठवलेले आणि नंतर त्याच्याच खात्यातून काढलेले दोन संदेश. इथपर्यंत खूण भक्कम आहे.

त्यापलीकडे मात्र ती काही बोलत नाही. त्या जागी मजकूर होता, फोटो होता, आवाजी संदेश होता की चुकून गेलेले स्टिकर, हे खुणेवरून ओळखता येत नाही. संदेश काढण्यापूर्वी आपण तो वाचला होता की नाही, हेही कळत नाही. आणि सर्वांत जास्त गैरसमज वेळेबद्दल आहे. ११:५३ ही संदेश पाठवल्याची वेळ आहे, पुसल्याची नव्हे. २०१७ साली ही सोय सुरू झाली तेव्हा पुसण्यासाठी अवघी ७ मिनिटे मिळत. पुढे ही मुदत तासाहून थोडी अधिक झाली आणि २०२२ च्या ऑगस्टपासून ती दोन दिवसांहून काही तास अधिक आहे. म्हणजे सोमवारी ११:५३ चा संदेश त्याच मिनिटाला काढला गेला असेल, किंवा वाद सुरू झाल्यावर मंगळवारी रात्री काढला गेला असेल. दोन्ही बाबतींत खूण हुबेहूब सारखीच दिसते. वादाच्या दृष्टीने या दोहोंत फार मोठे अंतर आहे. लगेच काढलेला संदेश बहुतेक वेळा टंकनाची चूक किंवा भलत्या माणसाला गेलेला निरोप असतो, तर वाद पेटल्यावर काढलेल्या संदेशाबद्दल प्रश्न विचारणे रास्त ठरते.

इथे आपण पाठवलेला दुसरा स्क्रीनशॉट उपयोगी पडतो. त्याकडे आपण केवळ गाडीच्या वेळेसाठी पाहिले, पण माझ्या मते तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. सोमवारी दुपारी ४:१० ला, गाडीची चौकशी करण्यासाठी, आपण हीच चॅट टिपून आपल्या दिवाणजींना पाठवली होती. त्या चित्रात ११:५३ च्या जागी “ड्रायव्हरला या नंबरवर फोन लावायला सांगा” असा मजकूर आणि ११:५४ च्या जागी एक संपर्क कार्ड स्पष्ट दिसते. यातून दोन गोष्टी ठरतात. हे संदेश सोमवारी दुपारी ४:१० पर्यंत शाबूत होते आणि आपल्या पहिल्या स्क्रीनशॉटच्या आधी, म्हणजे बुधवारी सकाळपर्यंत, काढले गेले. आणि त्यांचा भावाशी काहीही संबंध नव्हता. माल उतरल्यावर तो क्रमांक चॅटमध्ये राहू नये असे त्याला वाटले असेल किंवा आणखी काही कारण असेल. ते मला ठाऊक नाही आणि ठरवण्याची गरजही नाही. “पुरावा पुसला” हे वाक्य मात्र आपल्या तक्रारीतून काढून टाकावे, कारण तसे नाही हे आपल्याच फोनमधील चित्र दाखवते, आणि ते चित्र समोरच्याच्या हाती लागले तर बाकी तक्रारीवरचा विश्वासही उडेल.

याच्या नेमकी उलटी चूकही लोक करतात. चॅटमध्ये एकही खूण नाही, म्हणजे ती पूर्ण आणि जशीच्या तशी आहे, असे ते धरून चालतात. Delete for me ने काढलेला संदेश त्या फोनवरून कोणतीही खूण न ठेवता नाहीसा होतो. मग तो आपला असो वा समोरच्याचा, आणि त्याला वेळेची मर्यादाही नाही. समोरच्या फोनवर तो तसाच राहतो, पण या फोनच्या स्क्रीनशॉटमध्ये तिथे काही होते याचा मागमूस उरत नाही. एवढेच काय, This message was deleted हा फुगासुद्धा ज्याच्या फोनवर तो आहे त्याला Delete for me करून काढता येतो. संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर मुदत संपल्यावर तेही खुणेविना जातात. ती सोय चालू केल्याची ओळ तेवढी चॅटमध्ये उमटलेली असते. टेलिग्राममध्ये तर काढलेल्या संदेशाची खूण मुळातच राहत नाही. म्हणून समोरच्याने उद्या खुणा नसलेला ‘स्वच्छ’ स्क्रीनशॉट आणला, तर त्या स्वच्छतेला स्वतंत्र वजन देऊ नये, आणि आपणही आपल्या स्क्रीनशॉटच्या सलगपणाला ते देऊ नये.

आतापर्यंत जे लिहिले ते चित्र अस्सल आहे असे धरून लिहिले. न्यायालयात आधी तोच प्रश्न येईल. This message was deleted हे शब्द कोणीही हाताने टाइप करून पाठवू शकतो. दोन्ही बाजूंना अधोरेषेचे चिन्ह लावले की अक्षरे तिरकीही होतात, आणि निषेधाच्या चिन्हाची इमोजी पुढे जोडली की घाईत पाहणारा फसतो. प्रत्यक्ष फोनवर हे ओळखणे सोपे आहे, कारण खऱ्या खुणेचा मजकूर कॉपी किंवा फॉरवर्ड करता येत नाही आणि टाइप केलेल्याचा करता येतो. केवळ चित्रावरून मात्र फरक करणे कठीण जाते. संगणकावर व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडून ब्राउझरच्या साधनांनी फुग्यातील कोणताही शब्द किंवा आकडा तेवढ्यापुरता बदलता येतो आणि त्याचा स्क्रीनशॉट घेता येतो. त्यात Edited जोडणे किंवा काढणे हे मिनिटभराचे काम आहे. जीबी व्हॉट्सअ‍ॅपसारखी अनधिकृत अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या फोनवर समोरच्याने पुसलेला संदेशही टिकवून ठेवण्याची सोय असते, त्यामुळे त्यांचा पडदा आपल्या पडद्याशी जुळत नाही आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसताना दोन चित्रे वेगळी येतात. आणखी एक लहानशी गोष्ट मी नेहमी पाहतो. खुणांची भाषा त्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप ज्या भाषेत ठेवले आहे तिच्यानुसार येते. एकाच चित्रात बाकी सगळी बटणे मराठीत आणि खूण इंग्रजीत असेल, तर पुढे जाण्याआधी थांबून चौकशी करावी लागते. आपल्या दोन्ही चित्रांत तसे काही आढळले नाही.

आपण मला पहिला स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला. त्याने फाइल दाबली जाते, तिच्यासोबतची मूळ माहिती गळून पडते आणि नावही बदलून IMG ने सुरू होणारे होते. मूळ फाइलच्या नावात बहुतेक अँड्रॉइड फोन स्क्रीनशॉट घेतल्याची तारीख आणि वेळ घालतात. दिवाणजींना गेलेल्या त्या ४:१० च्या चित्राची सारी किंमत त्या वेळेवर अवलंबून आहे, तेव्हा ती मूळ फाइल आपल्या गॅलरीतून हलवू नका आणि कोणाला द्यायची झाल्यास ‘डॉक्युमेंट’ म्हणून द्या.

तर मग ११:०५ चा मूळ आकडा कुठे सापडू शकेल? इथे पुसलेला संदेश आणि बदललेला संदेश यांच्यातील एक महत्त्वाचा फरक लक्षात घ्यावा लागतो. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप रोज पहाटे २ च्या सुमारास फोनमध्येच एक बॅकअप करते आणि साधारण मागील सात दिवसांचे बॅकअप ठेवते. पुसण्याची मुदत दोन दिवसांची असल्यामुळे, वाद झाल्यावर पुसलेला संदेश आदल्या पहाटेच्या बॅकअपमध्ये शाबूत सापडण्याची चांगली शक्यता असते. बदलाची मुदत मात्र अवघी १५ मिनिटे. सकाळी ११:०५ ला पाठवून ११:२० च्या आत बदललेला संदेश मंगळवारच्या पहाटेच्या बॅकअपमध्ये बदललेल्या रूपातच जाणार. म्हणून “बॅकअप काढा म्हणजे जुना भाव मिळेल” असा सल्ला आपल्याला कोणी देत असेल, तर तो या प्रकरणाला लागू पडत नाही. कंपनीला पत्र लिहूनही मजकूर मिळणार नाही, कारण संदेश दोन टोकांमध्ये कूटबद्ध असतात आणि पोचलेला संदेश व्हॉट्सअ‍ॅपच्या सर्व्हरवर ठेवला जात नाही.

जुना आकडा उरला असेल तर तो त्या संदेशाच्या एखाद्या प्रतीत, आणि ती प्रत बदलाआधी घेतलेली असली पाहिजे. पहिली जागा म्हणजे फॉरवर्ड. आपण ११:०५ नंतर लगेच तो भाव दिवाणजींना किंवा घरच्या कोणाला फॉरवर्ड केला असेल, तर तो एक स्वतंत्र संदेश बनतो. मूळ संदेश बदलला किंवा पुसला तरी फॉरवर्ड केलेल्या प्रतीवर त्याचा परिणाम होत नाही. दुसरी जागा म्हणजे संदेश ओढून दिलेले उत्तर. अशा उत्तराच्या वरच्या चौकटीत मूळ मजकुराची प्रत असते आणि ती अनेकदा तशीच राहते. आपले ११:०९ चे “बरं, चालेल” साधे टाइप केलेले आहे, ओढून दिलेले नाही, त्यामुळे तिथे काही नाही. तिसरी जागा अँड्रॉइड ११ पासून सेटिंग्जमध्ये असलेला Notification history. तो आधीपासून चालू असेल तर आलेल्या सूचनांचा मजकूर दिसतो, पण फक्त मागील २४ तासांचा. बुधवारी तो उघडून उपयोग नव्हता. पुढच्या व्यवहारांसाठी मात्र तो आजच चालू करून ठेवा.

चौथी जागा म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ज्यात संदेश साठवते तो फोनमधील msgstore.db हा डेटाबेस. त्यात संदेश बदलल्याची वेळ संदेशाच्या मूळ वेळेपासून वेगळी नोंदलेली असते, आणि पडद्यावर न दिसणारी हीच वेळ आपल्या वादाचा कणा आहे. ती ११:०९ च्या आधीची निघाली तर आपण बदललेल्या आकड्याला होकार दिला असे मानावे लागेल. नंतरची निघाली, तर निदान आपण ज्या मजकुराला होकार दिला तो पुढे बदलला गेला एवढे निर्विवाद ठरेल, आणि मग काय बदलले हे सांगण्याची जबाबदारी व्यवहारात त्याच्यावर येईल. जुना मजकूर डेटाबेसच्या रिकाम्या झालेल्या पानांत किंवा त्याच्यासोबतच्या wal फाइलमध्ये कधीकधी शिल्लक राहतो. तो मिळेलच असे मी सांगत नाही. फोन वापरात राहिला की ती जागा नव्या संदेशांनी भरत जाते. हा डेटाबेस फोनच्या सुरक्षित भागात असतो आणि तिथपर्यंत पोचण्यासाठी तपासणीची साधने लागतात. इंटरनेटवरील ‘डिलीटेड मेसेज परत मिळवा’ छापाची अ‍ॅप त्यासाठी वापरू नयेत. ती अ‍ॅप बसवण्यानेच त्या मोकळ्या जागेवर लिहिले जाते.

म्हणून आता पुढील क्रम ठेवावा. व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा बसवू नका, फोन रीसेट करू नका, ही चॅट ‘स्वच्छ’ करू नका. सात दिवस उलटण्याच्या आत फोनमधील Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases हा फोल्डर संगणकावर जसाच्या तसा उतरवून घ्या. त्यातील फाइल कूटबद्ध असल्यामुळे फोनशिवाय वाचता येत नाहीत, तेव्हा फोनही जपायला हवा. खरेदीदाराच्या संपर्काचे पान उघडून त्याचा क्रमांक दिसेल अशा रीतीने सुरुवात करून, तिथून चॅटमध्ये येऊन सोमवारचा भाग सावकाश सरकवत संपूर्ण स्क्रीन रेकॉर्डिंग करा. सुट्या चित्रांमधून मधले फुगे वगळले गेल्याचा आक्षेप त्यामुळे टळतो, आणि नाव भलत्याच क्रमांकाला दिले असल्याचाही. मग Export chat ने चॅटची मजकूर फाइल काढा. तीत बदललेल्या संदेशापुढे `<This message was edited>` असे येते आणि पुसलेल्याच्या जागीही तशी ओळ येते. ही साधी मजकूर फाइल कोणीही नोटपॅडमध्ये बदलू शकतो, म्हणून काढल्याबरोबर तिची हॅश किंमत घेऊन ठेवा. विंडोज संगणकावर त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही. फाइलला chat.txt असे नाव द्या आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून कमांड प्रॉम्प्टवर ही आज्ञा चालवा:

```
certutil -hashfile chat.txt SHA256
```

येणारी लांबलचक संख्या त्याच दिवशी लिहून, तारीख घालून ठेवा. पुढे फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी ती संख्या जुळणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रातही हॅश किंमत लिहावी लागते. त्या प्रमाणपत्राचा एक भाग पुरावा देणारा भरतो आणि दुसरा तज्ज्ञ. मूळ फोन हजर न करता त्यातील प्रत दाखवायची असेल तर असे प्रमाणपत्र आवश्यक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्याच्या कलम ६५-ब संदर्भात २०२० च्या अर्जुन खोतकर प्रकरणात स्पष्ट केले आहे. छापील स्क्रीनशॉट फाइलला टाचून देणे म्हणजे ही पूर्तता झाली, असा समज अजूनही मोठ्या प्रमाणावर दिसतो.

खरेदीदाराच्या फोनचाही विचार करा. त्याच्या फोनवरील डेटाबेसमध्ये बदलाची वेळ त्याच्या बाजूनेही नोंदलेली असणार, आणि दोन्ही फोनांतील वेळा जुळल्या तर ती वेळ कोणालाच नाकारता येणार नाही. आपल्या वकिलांमार्फत नोटीस देताना ही चॅट, तिचे बॅकअप आणि तो फोन जतन करण्याची मागणी त्यात स्पष्ट शब्दांत करावी. नोटीस मिळाल्यानंतर काही पुसले गेले, तर त्याचा अर्थ आजच्या खुणांपेक्षा फार वेगळा लागेल.

१२,००० रुपयांच्या वादासाठी तज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी करून घेणे परवडेल का, याचा हिशोब आपण आणि आपले वकील यांनी करावा. त्याआधी एक काम बिनखर्चाचे आहे. सोमवारी ११:०५ ते ११:२० या वेळेत आपण दिवाणजींना काय पाठवले, फोनवर काय सांगितले आणि त्यांनी ते सौद्याच्या वहीत कसे उतरवले, हे त्यांचा फोन आणि वही समोर ठेवून पाहा. त्या पंधरा मिनिटांतील एखादा फॉरवर्ड तिथे ४३५० या आकड्यासह निघाला, तर तो त्या फोनवर तसाच राहू द्या आणि तो फोन माझ्याकडे घेऊन या. केवळ वहीतील नोंद निघाली, तर ती आपल्या वकिलांना दाखवा. ती माझ्या शास्त्राचा विषय नाही, पण पुरावा म्हणून तिचे स्थान स्वतंत्र आहे.